पिक लिस्ट पत्त्याप्रमाणे लावली, तरी पायपीट का होते?

उंबरठा (सकाळी ९:१०)

नमस्कार मंडळी. आम्ही घरातल्या घरात ऑनलाइन विक्री करतो. वह्या, पेनं, मग, छोट्या गृहोपयोगी वस्तू, मिळून चारशेच्या आसपास एसकेयू, म्हणजे स्वतःचा कोड असलेल्या वेगवेगळ्या वस्तू. रोजच्या चाळीस ते पन्नास ऑर्डरी. माल एका लांबट खोलीत सहा रॅकवर आहे, दर रॅकला आठ खण आणि दर खणात चार कप्पे.

आधी मी एकेका ऑर्डरचा कागद घेऊन फिरायचे. गेल्या महिन्यात सगळ्या कप्प्यांना पत्ते दिले. `R4-05-C` म्हणजे चौथा रॅक, पाचवा खण, खालून तिसरा कप्पा. आता सकाळी ऑर्डरींची फाइल शीटमध्ये चिकटवते, समोर `Bins` शीटमधून पत्ता आणते, पत्त्याच्या रकान्यावर सॉर्ट करते आणि एकच यादी छापते. चाळीस फेऱ्यांची एक फेरी झाली, हे खरं.

पण ती एक फेरी फार लांबते. काल मुद्दाम लक्ष ठेवलं. R1 चे खण घेत घेत मागच्या भिंतीपर्यंत गेले, तर यादीतली पुढची ओळ `R2-01-B`, म्हणजे परत दारापाशी. R2 संपला, पुन्हा मागच्या टोकाला, आणि पुढची ओळ `R3-01`. अर्धा वेळ मी रिकाम्या हातांनी उलट चालत होते. यादी तर क्रमाने आहे, मग चुकतंय कुठे?

रॅकची मांडणी सांगते. R1 डाव्या भिंतीला लागून. R2 त्याच्या समोर. R2 आणि R3 पाठीला पाठ. R3 च्या समोर R4, R4 आणि R5 पाठीला पाठ, R5 च्या समोर R6, तो उजव्या भिंतीला. पॅकिंगचं टेबल दाराशी आहे आणि सगळ्या रॅकचा खण ०१ टेबलाच्या बाजूला.

---

सरळरेषा (९:३२)

ताई, ही सॉर्टची नेहमीची चूक असते. पत्ता हा मजकूर असल्यामुळे शीट अक्षर-अक्षर बघतं, म्हणून `R4-10` हे `R4-2` च्या आधी येतं. खणांचे आकडे दोन अंकी करा, ०१, ०२ असे. मग A to Z सॉर्ट अगदी बरोबर लागतो. आमच्याकडे एवढ्यावर प्रश्न सुटला होता.

---

उंबरठा (९:४०)

शून्य आधीपासूनच लावलंय, आणि आठच खण आहेत. सॉर्ट चुकत नाहीये. सॉर्ट बरोबर आहे आणि तरी मला उलट चालावं लागतंय.

---

टपालपेटी (९:५८)

आम्हीही या त्रासातून गेलोय. कुरिअरवाला संध्याकाळी येतो आणि पार्सलं गावाप्रमाणे लावलेली नसली की अर्धा तास तिथेच जातो. लेबलं छापतानाच गावाप्रमाणे सॉर्ट करून घ्या, म्हणजे पार्सलं त्याच क्रमाने तयार होतील.

---

उंबरठा (१०:०४)

टपालपेटी, माझा प्रश्न त्याच्या आधीच्या टप्प्याचा आहे. पार्सल बांधण्यापूर्वी रॅकवरून माल गोळा करताना जी चाल होते, तिच्याबद्दल.

---

भूमिती (१०:२१)

यात मुळात कुठलाही ठरावीक क्रम चालणार नाही. रोज वेगवेगळ्या खणांत जायचंय, म्हणजे रोजचा सर्वात छोटा रस्ता वेगळा. फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात तो हाच, आणि ठिकाणं वाढली की तो भलताच अवघड होतो. खणांमधली अंतरं मांडून रोज रस्ता काढणारा प्रोग्रॅम लिहावा लागेल. शीटमध्ये हे होणार नाही.

---

फडताळ (११:१५)

उंबरठाताई, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. पत्ता आणि चालण्याचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही एकाच रकान्याकडून दोन्ही कामं करून घेताय. वस्तू कुठे आहे ते पत्ता सांगतो. तिथे कितव्या क्रमाने पोहोचायचं हे त्याला माहीत नसतं.

तुम्ही रॅक मोजलेत, पण पाय रॅकमधून चालत नाहीत, गल्लीतून चालतात. R1 आणि R2 समोरासमोर आहेत, म्हणजे ती एकच गल्ली. R3 आणि R4 ची दुसरी, R5 आणि R6 ची तिसरी. सहा रॅक, पण गल्ल्या तीनच. R1-03 समोर उभ्या राहिलात की R2-03 तुमच्या पाठीशी असतो, नुसतं वळायचं असतं. तुमची यादी मात्र तो खण टोकाला जाऊन परत आल्यावर मागते.

एक खण एक मीटरचा धरू आणि दर रॅकच्या टोकापर्यंत काही ना काही घ्यायचंय असं समजू. आजच्या यादीप्रमाणे दर रॅकला आठ मीटर जाणं आणि आठ मीटर रिकामं परत येणं, सहा रॅकचे ९६ मीटर. गल्लीप्रमाणे लावलं आणि मागच्या बाजूने एका गल्लीतून दुसरीत जाता येत असेल, तर पहिलीत आत, दुसरीत बाहेर, तिसरीत आत आणि शेवटी टेबलाशी परत: चार वेळा आठ, ३२ मीटर. गल्ली बदलतानाची चार पावलं सोडून दिलीत. माल तोच, पत्ते तेच, चाल एक तृतीयांश.

आता करायचं काय? पत्त्यांना हात लावू नका, लेबलं चिकटवून झालीत. `Bays` नावाचं नवं शीट करा. पहिल्या रकान्यात नुसता खण (`R1-01`, `R2-01` असे ४८) आणि दुसऱ्यात `Walk`. हे आकडे सूत्राने काढू नका. ट्रॉली घेऊन जशी चालाल तशी एक फेरी मारा आणि चालता चालता लिहा. R1-01 आणि R2-01 दोघांना १०, R1-02 आणि R2-02 ला २०, असं करत आठव्या खणांना ८०. तिथून मागून दुसऱ्या गल्लीत शिरायचं, म्हणून R3-08 आणि R4-08 ला ९०, आणि उलट येत येत R3-01, R4-01 ला १६०. तिसरी गल्ली पुन्हा खण ०१ पासून, १७० ते २४०. दहा-दहाचं अंतर यासाठी, की उद्या मधे एखादा स्टँड उभा केलात तर त्याला १५५ देता येईल आणि बाकीचं हलवावं लागणार नाही.

एकच विचारतो. मागच्या बाजूने खरंच जाता येतं का? हे सगळं त्यावर आहे.

---

उंबरठा (११:३०)

वाचता वाचता उठून खोलीत जाऊन उभी राहिले. R1-03 समोर उभं राहून मागे वळलं की खरंच R2-03! महिनाभर मी त्या रॅकसमोरून जात होते आणि पंधरा ओळींनंतर परत तिथेच येत होते.

मागची बाजू: पहिल्या आणि दुसऱ्या गल्लीच्या मधे वाट आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे रिकाम्या खोक्यांची थप्पी आहे, ट्रॉली जात नाही.

---

फडताळ (११:४८)

मग खोकी हलेपर्यंत तिसरी गल्ली आंधळी समजा. सुदैवाने दुसऱ्या गल्लीतून तुम्ही टेबलाच्या बाजूलाच बाहेर पडता आणि तिसरीत पुढूनच शिरता, त्यामुळे वर दिलेले आकडे तसेच चालतील. आत आठ, बाहेर आठ, ते तुमच्या ३२ मध्ये आधीच धरलेत. तिन्ही गल्ल्या मागून बंद असत्या तर तीन वेळा सोळा, ४८ मीटर झाले असते, आणि दुसऱ्या गल्लीचे आकडेही खण ०१ पासूनच सुरू करावे लागले असते.

भूमिती, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रोजचा सर्वात छोटा रस्ता वेगळा असतो हे खरं. पण समांतर गल्ल्यांच्या आयताकृती गोदामात हा प्रश्न तितका अवघड राहत नाही. रॅटलिफ आणि रोझेंथाल यांनी १९८३ मध्ये दाखवलं, की अशा मांडणीत नेमका सर्वात छोटा रस्ता काढता येतो आणि गल्ल्या वाढल्या तरी हिशेब आवाक्यात राहतो. तीन गल्ल्यांच्या खोलीत ठरावीक नागमोडी क्रम त्याच्या बराच जवळ जातो, आणि तो माणसाच्या लक्षात राहतो. रोज बदलणारा रस्ता लक्षात राहत नाही आणि माणूस दर ओळीला थांबून कागद बघतो. तो थांबण्याचा वेळही मोजायला हवा.

---

भूमिती (१२:०५)

मान्य. पण एक उदाहरण घ्या. समजा आज दुसऱ्या गल्लीत काहीच घ्यायचं नाही आणि खोकीही हटवलेली आहेत. तुमच्या क्रमाने पहिली गल्ली संपल्यावर मी मागच्या टोकाला उभा आहे. यादी मला R5-01 वर पाठवते, म्हणजे रिकाम्या गल्लीतून आठ मीटर पुढे, मग तिसरीत आठ मीटर आत आणि आठ मीटर परत. एकूण ३२. त्याऐवजी मागूनच तिसरीत शिरून पुढे आलो तर १६ मध्ये काम होतं. ठरावीक क्रमाला हे कळत नाही.

---

फडताळ (१२:२०)

बरोबर, ही त्या पद्धतीची खरी मर्यादा आहे. मी अशा दिवशी यादीतला तिसऱ्या गल्लीचा भाग खालून वर वाचायला सांगतो. चाळीस ऑर्डरींच्या दिवशी मधली गल्ली पूर्ण रिकामी जाणं क्वचितच घडतं. ऑर्डरी दहावर आल्या तर तुमचा मुद्दा जड होतो.

---

कापडचोपड (१२:४५)

आमचे कपडे आहेत, बारा डिझाइनं गुणिले सहा साइझ. आमच्याकडे चाल हा प्रश्नच नाही, सगळं दोन रॅकवर मावतं. आमचा त्रास वेगळा: एकाच डिझाइनचे M आणि L शेजारी ठेवले की हात चुकतो आणि परतीचं पार्सल ओढवतं. म्हणून मी साइझ मुद्दाम लांब ठेवले. एका खणात एका डिझाइनचा एकच साइझ. यादीत पत्ता वेगळा आला की हात आपोआप थांबतो. चाल दोन पावलं वाढली असेल, पण चुका कमी झाल्या.

उंबरठाताई, तुमच्याकडे काळा मग आणि गडद निळा मग शेजारी असतील तर बघा.

---

उंबरठा (१२:५२)

आहेत. आणि आठवड्यातून एकदा तरी तीच चूक होते. हे करणारच.

---

उंबरठा (दुसऱ्या दिवशी, सकाळी १०:३५)

काल रात्री `Bays` भरलं. २० मिनिटं लागली. आज सकाळी यादी काढली आणि क्रम इतका सुरेख आला की छापून लगेच निघाले. पण पॅकिंगला बसल्यावर कळलं की चार ऑर्डरींचा माल आणलेलाच नाही. यादीत त्या ओळीच नव्हत्या. रॅकवर माल आहे, `Bins` मध्ये पत्तेही आहेत. आधीच्या यादीत असं कधी झालं नव्हतं. सूत्र देते, एसकेयू B मध्ये आणि नग C मध्ये आहेत:

```
=QUERY(Orders!A2:F, "select F, B, E, sum(C) where B is not null group by F, B, E order by F", 0)
```

---

शून्यशेष (१०:५०)

मी हिशेबाचं काम करते, रॅकचं मला काही कळत नाही. पण यादी छापण्याआधी ऑर्डरींमधल्या नगांची बेरीज आणि यादीतल्या नगांची बेरीज जुळते का, ते तुम्ही बघता का? आज दोन्हीकडे किती येते?

---

उंबरठा (१०:५८)

ऑर्डरींमध्ये ९५, यादीत ८८. सात नग गळले. सातही वह्यांचे, आणि त्या वह्यांचे एसकेयू नुसते आकड्यांचे आहेत, `20417` असे. बाकी सगळ्यांत अक्षरं आहेत, `MUG-BLK` वगैरे.

---

रात्रपाळी (११:१०)

सापडलं. गूगल शीट्सचं `QUERY` एका रकान्यात एकाच प्रकारचा डेटा धरतं. ज्या प्रकारची संख्या जास्त, तो प्रकार त्या रकान्याचा, आणि उरलेली घरं रिकामी समजली जातात. तुमच्याकडे अक्षरवाले एसकेयू जास्त, म्हणून नुसत्या आकड्यांचे रिकामे झाले. आणि रिकाम्या ओळी तुम्ही `is not null` लिहून स्वतःच गाळल्यात. लाल रंगाची चूक वगैरे कुठेच दिसत नाही, म्हणून हे फार घातक आहे.

सगळे एसकेयू आधी मजकूर करून घ्या. D मध्ये स्वच्छ केलेला एसकेयू, E मध्ये पत्ता, F मध्ये क्रम:

```
D2: =TRIM(B2&"")
E2: =IFERROR(VLOOKUP(D2, Bins!A:B, 2, FALSE), "पत्ता नाही")
F2: =IFERROR(VLOOKUP(LEFT(E2,5), Bays!A:B, 2, FALSE), 0)
```

मग यादी:

```
=QUERY(Orders!A2:F, "select F, D, E, sum(C) where C > 0 group by F, D, E order by F, E label sum(C) 'Qty'", 0)
```

`Bins` मधला एसकेयूचा रकानाही आधी Plain text करा आणि मग भरा, नाहीतर तिथे आकडा आणि इथे मजकूर, दोघं एकमेकांना ओळखणार नाहीत. F मध्ये शेवटी ० मुद्दाम ठेवलंय. ज्याचा पत्ता सापडला नाही ती ओळ यादीच्या डोक्यावर येते, टेबलापाशीच दिसते. तळाशी गेली असती तर मागच्या टोकाला पोहोचल्यावर कळलं असतं.

---

शून्यशेष (११:१८)

आणि यादीच्या शीटवर एका कोपऱ्यात, समजा G1 मध्ये, हे कायमचं ठेवा. शून्य नसेल तर छापायचं नाही.

```
=SUM(Orders!C2:C)-SUM(D2:D)
```

---

उंबरठा (११:४०)

९५ आणि ९५! शून्यशेषताई, रात्रपाळी, मनापासून आभार.

डोक्यावर ० च्या दोन ओळी आल्या. एकीचा एसकेयू `417` दिसतोय, खरा `00417` आहे.

---

रात्रपाळी (११:४६)

ऑर्डरींची फाइल उघडतानाच पुढची शून्यं उडाली. ती `TRIM` ने परत येणार नाहीत. फाइल Import करताना मजकुराचे आकडे करण्याची खूण काढून टाका, मग नगांचा C रकाना तेवढा Format मधून Number करा, नाहीतर बेरीज होणार नाही, आणि डबल क्लिक करून उघडून कॉपी करणं बंद करा.

आता एक माझ्याकडची गोष्ट. मी एका मोठ्या गोदामात रात्री पिकिंग करतो. तिथे हातातल्या यंत्रावर एका वेळी एकच ओळ दिसते. त्याआधी एका छोट्या ठिकाणी होतो, तिथे शीटच मोबाइलवर उघडून फिरायचो आणि शेजारच्या रकान्यात टिक करायचो. एका रात्री मी दुसऱ्या गल्लीत असताना टेबलावरच्या माणसाने नव्या सहा ऑर्डरी चिकटवल्या. `QUERY` ने यादी नव्याने मांडली, ओळी खाली सरकल्या, पण माझ्या टिका होत्या तिथेच राहिल्या. न उचललेल्या वस्तूंसमोर टिक आणि उचललेल्यांसमोर काही नाही. पहाटेपर्यंत एकेक पेटी उघडून जुळवत बसलो होतो.

तेव्हा यादी तयार झाली की ती कॉपी करा, नव्या टॅबवर Ctrl+Shift+V ने फक्त व्हॅल्यू चिकटवा आणि टॅबला तारीख आणि फेरीचा नंबर द्या. फिरायचं ते त्या टॅबवरून. नंतर आलेल्या ऑर्डरी पुढच्या फेरीत.

---

कापडचोपड (१२:१०)

मधेच कोणी ऑर्डर रद्द केली तर?

---

रात्रपाळी (१२:१५)

गोठवलेल्या यादीला हात लावायचा नाही. माल येऊ द्यायचा आणि लेबल लावताना ती ऑर्डर बाजूला काढायची. टेबलावर 'परत रॅकवर' असं लिहिलेली एक पेटी ठेवा.

---

सरळरेषा (१२:३०)

एक विचारू का? एकाच वस्तूचा माल दोन ठिकाणी असेल तर? आमच्याकडे मगांची जादा खोकी सगळ्यात वरच्या कप्प्यावर असतात. `VLOOKUP` पहिलाच पत्ता देतो.

---

फडताळ (१२:४४)

द्यायलाच हवा पहिलाच. पिक लिस्टवर एका वस्तूचा एकच पत्ता असावा, जिथून हात सुटा माल उचलतो तो. वरची खोकी म्हणजे साठा. साठ्यातून खाली भरणं हे वेगळं काम आहे, पिकिंगच्या आधी किंवा नंतर करायचं. दोन्ही पत्ते `Bins` मध्ये टाकून `VLOOKUP` च्या जागी दोन शीटं जोडणारं दुसरं काही वापरलंत, तर नग दुप्पट होतील. शून्यशेषताईंची वजाबाकी ते लगेच दाखवेल.

---

उंबरठा (दुपारी ३:०५)

चालणं निम्म्याहून कमी झालंय, पण आता वेळ टेबलावर जातोय. ९५ नग एका ढिगात आणते आणि मग ४२ ऑर्डरींमध्ये वाटत बसते. मगांची रांग लावते, वह्यांची रांग लावते, आणि मग एकेक ऑर्डर जुळवते. हे असंच असतं का?

---

कापडचोपड (३:२०)

एकाच नगाच्या ऑर्डरी किती असतात तुमच्या? आमच्या बहुतेक तशाच. त्यांना जुळवायचंच काही नसतं. सात काळे मग आणले, सात लेबलं लावली.

---

टपालपेटी (३:३१)

काल मी प्रश्न चुकीचा समजलो होतो, पण इथे लेबलांचा क्रम खरंच कामाला येतो. एकाच नगाच्या ऑर्डरींची लेबलं गावाप्रमाणे न छापता पिक लिस्टच्याच क्रमाने छापा. ट्रॉलीत माल ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने लेबल हातात येतं. गावाप्रमाणे वाटणी पार्सलं बांधून झाल्यावर करता येते.

---

उंबरठा (३:४०)

मोजलं. ४२ पैकी २८ एका नगाच्या. उरलेल्या १४ ऑर्डरींत ६७ नग आहेत.

---

फडताळ (४:०२)

मग दोन याद्या करा. २८ ऑर्डरींची यादी आत्तासारखीच, वस्तूप्रमाणे बेरीज केलेली, आणि टपालपेटींनी सांगितलं तशी लेबलं.

१४ ऑर्डरींसाठी बेरीज करू नका. ट्रॉलीवर १४ पेट्या ठेवा, दोन ओळींत सात-सात, दर पेटीला नंबर. `Orders` मध्ये एक रकाना वाढवा आणि त्यात त्या ऑर्डरीचा पेटी नंबर भरा. यादी क्रमानेच लागेल, पण दर ओळीला पेटी नंबर असेल. R2-03-B ला पोहोचलात, तीन ओळी एकाखाली एक दिसतात: पेटी ४ मध्ये १, पेटी ९ मध्ये २, पेटी ११ मध्ये १. तिथल्या तिथे टाकायचं. टेबलावर पोहोचाल तेव्हा ऑर्डरी जुळलेल्या असतील.

---

रात्रपाळी (४:२५)

इथे माझं मत वेगळं आहे. अरुंद गल्लीत १४ पेट्यांची ट्रॉली घेऊन फिरलात की दर थांब्याला पेटी शोधण्यात वेळ जातो, आणि ९ चा माल ६ मध्ये पडला तर ते बंद पार्सलातूनच बाहेर जातं. मी सहापेक्षा जास्त पेट्या घेऊन फिरत नाही. १४ असतील तर ढीग आणून टेबलामागच्या खानेवाल्या फळीवर वाटणं मला जास्त सुरक्षित वाटतं, कारण तिथे प्रकाश असतो आणि दोन्ही हात मोकळे असतात.

---

फडताळ (४:४०)

तुमचा गोदामाचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, पण माझ्याकडे १२ पेट्या दोन वर्षं चालल्यात. प्रत्येक पेटीचा नंबर तळहाताएवढा लिहिलाय आणि टाकताना तो मोठ्याने म्हणायचा, एवढंच पथ्य. ताईंनी दोन्ही करून बघावं.

---

सरळरेषा (४:५५)

आणि जड वस्तू? मगांवर वह्यांचा गठ्ठा पडला तर मग फुटणार.

---

फडताळ (५:०३)

त्यासाठी यादीचा क्रम मोडू नका. माल हलवा. वह्यांना पहिली गल्ली, मगांना तिसरी. म्हणजे जड आपोआप तळाशी जातं. पत्ता बदलला की `Bins` मध्ये त्याच क्षणी लिहायचं, संध्याकाळवर ठेवायचं नाही.

---

उंबरठा (तीन दिवसांनी, रात्री ८:१५)

तीन दिवस मोबाइलवर पावलं मोजली. जुन्या क्रमाची एक यादी मुद्दाम ठेवली होती, तीच आधी जुन्या पद्धतीने आणि मग नव्या पद्धतीने फिरले. जुनी १७८ पावलं, नवी ७४. वह्या पहिल्या गल्लीत आणल्या. निळा मग आणि काळा मग आता वेगवेगळ्या गल्लीत आहेत.

पेट्यांचं अजून ठरलं नाही. परवा १४ पेट्या घेऊन फिरले आणि एक पेन चुकीच्या पेटीत गेलं, बांधण्याआधी सापडलं. काल सहा-सहाच्या फेऱ्या केल्या, चूक झाली नाही, पण तीन फेऱ्या झाल्या आणि चाल परत वाढली. उद्या आठ पेट्या घेऊन बघणार आहे.

खोकीही उद्या हटवतेय. भूमिती, मग तुमचा मुद्दा आमच्याकडे लागू होईल, कारण रविवारी दुसऱ्या गल्लीत बरेचदा एक-दोनच ओळी असतात.

---

भूमिती (८:४०)

एक-दोनच ओळी असतील आणि त्या टेबलाच्या बाजूच्या खणांत असतील, तर पहिल्या आणि तिसऱ्या गल्लीची आरपार फेरी मारून, त्या दोन ओळींसाठी शेवटी दुसऱ्या गल्लीत थोडंसं आत जाऊन परत यायचं. रविवारच्या दोन-तीन याद्या इथे टाकाल का? दोन्ही रस्ते मीटरमध्ये मोजून दाखवतो.

---

उंबरठा (८:४७)

टाकते, फक्त खण आणि नग ठेवून. या रविवारची सोमवारी सकाळी.